प्रवेशाचं वर्ष

हिंगणघाटच्या ज्या सूतगिरणीत मी काम करते, तिच्या टाइम ऑफिसात मी तेव्हा नऊ वर्षं हंगामी कारकून होते. मस्टर भरायचं, पाळ्या लावायच्या, नवीन माणूस भरायचा असला की अर्ज आणि प्रमाणपत्रं तपासून साहेबांपुढे ठेवायची. मी फक्त बारावी. त्यामुळे लोकांच्या पदव्या तपासताना मला एक विचित्र कैफ चढायचा. आज लिहिताना लाज वाटते, पण चढायचा खरा.

मुक्त विद्यापीठाच्या किंवा दूरशिक्षणाच्या पदव्यांना आमचे साहेब ‘घरपोच पदवी’ म्हणायचे. अशी पदवी आली की मी दिल्लीच्या आयोगाची यादी उघडायची. कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमासाठी, कोणत्या वर्षी दूरशिक्षणाची मान्यता आहे, ते त्यात असतं. विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून भागत नाही. अभ्यासक्रम सापडावा लागतो, वर्षही सापडावं लागतं. हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं. गुणपत्रिकेवरचं वर्ष घ्यायचं, यादीत जुळवायचं, आणि अर्जाच्या कोपऱ्यात लाल पेनानं ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायचं, ही पद्धत माझीच. साहेब तो कोपरा तेवढा बघायचे.

गंमत अशी, की त्याच काळात मी स्वतः घरपोच पदवी करत होते. बी.कॉम. कोणालाही सांगितलं नव्हतं. दर रविवारी एसटीनं वर्ध्याला अभ्यासकेंद्रावर संपर्क वर्गाला जायचे आणि ऑफिसात विचारलं तर मावशीकडे गेले होते म्हणायचे. मावशीची तब्येत तीन वर्षं नाजूक होती. संध्याकाळी पाळी सुटली की स्वयंपाक व्हायच्या आधीचा एक तास माझा. ओट्यावर पुस्तक, शेजारी भिजवलेली कणीक. नवरा म्हणायचा, ‘‘तू पास झाली तं मीच पास झालो म्हणीन, तुह्या पोळ्या मीच लाटून राह्यलो.’’

पास झाले. त्याच महिन्यात टाइम ऑफिसची कायम जागा निघाली: सहायक, मान्यताप्राप्त विद्यापीठाचा पदवीधर. मी अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले. ‘‘छुप्या रुस्तम निघाल्या तुम्ही. घरातलाच उमेदवार आहे, तर हेड ऑफिसची पडताळणी रीतसर होऊ द्या. यादीचं तेवढं तुम्हीच पाहून घ्या, तुमचाच विषय आहे.’’

मी जागेवर आले, यादी उघडली. माझं विद्यापीठ होतं. खाली सरकत गेले. बी.ए. होतं, एम.ए. होतं. बी.कॉम. नव्हतं.

पुन्हा वरून पाहिलं. मग मोबाइलवर पाहिलं, जणू मोबाइलला माझी जास्त दया येणार होती. आधीच्या वर्षाच्या यादीत बी.कॉम. होतं, त्याच्या आधीच्याही. मी पास झाले त्या वर्षाच्या यादीत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर आतापर्यंत माझं लाल पेन चालून गेलं असतं.

त्यानंतरचे बारा दिवस मी भीतीत काढले. साधीसुधी भीती नाही. अर्जाच्या शेवटी एक ओळ असते: माहिती खोटी आढळल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. ती ओळ मी कितीतरी लोकांना बोट ठेवून वाचून दाखवली होती. मी ‘मान्यताप्राप्त’समोर बरोबरची खूण करून सही केली होती. हेड ऑफिस एका संस्थेला कागद पाठवतं. ती संस्था विद्यापीठाकडे गुणपत्रिका खरी आहे का ते विचारते आणि मान्यता बघते. म्हणजे त्यांना दिसणारच. जागा तर जाईलच, वर नऊ वर्षांचं हंगामी कामही जाईल. साहेबांनी हाक मारली की मी आधी त्यांचा चेहरा बघायचे आणि मग उठायचे. मस्टरमध्ये एका हजर माणसाला मी दोन दिवस गैरहजर लावलं. तो भांडायला आला आणि मी त्याच्यासमोर रडले. बिचारा माफी मागून गेला.

नवऱ्याला चौथ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मोबाइल पाहून काऊन मरून राह्यली? जिथं नाव घातलं तिथं जाऊन ये ना. तेच सांगतीन.’’

मला जायची भीती वाटत होती. न विचारता मला निदान अर्धी आशा होती. विचारलं तर तीही संपली असती. पण साहेबांनी ‘‘पडताळणीचा अहवाल शुक्रवारी येतो’’ असं सांगितलं आणि मी गुरुवारी अर्धी रजा टाकून वर्ध्याची एसटी धरली.

अभ्यासकेंद्रावर एक वयस्कर लिपिकबाई बसायच्या. तीन वर्षांत कधी हसलेल्या पाहिल्या नव्हत्या. मी मोबाइल पुढे केला.

‘‘बी.कॉम. नाही यात. माझं काय होईल?’’

त्यांनी पाहिलं. ‘‘हे कोनतं वर्ष काढलं तुम्ही?’’

‘‘मी पास झाले ते.’’

‘‘पास झाल्याचं काऊन पाहता?’’ त्या वैतागल्या. ‘‘प्रवेशाचं पाहा ना. ज्या सत्रात नाव घातलं, त्या सत्रात मान्यता होती का, येवढंच पाहाचं असते. त्याच्यानंतर नवीन प्रवेश बंद झाले असतीन, पण आत घेतलेल्या पोरायले कोर्स पुरा करू देतात. डिग्री चालते. तुम्ही नाव घातलं तं होतं ना यादीत?’’

होतं. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैच्या सत्रात होतं, नाव घालताना मी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी विद्यापीठाचं तसं पत्रही काढून दिलं, शिक्क्यासकट. ‘‘असं पत्र आम्ही मांगन त्याले देतो. घाबरून येनाऱ्या तुम्ही पहिल्या नाई.’’

मी तिथेच बाकावर बसले आणि खिदळायला लागले. बाईंनी पाण्याचा ग्लास दिला. बसस्टँडवर मी दोन समोसे खाल्ले, बारा दिवसांत पहिल्यांदा चव लागली.

एसटी सुटली. खिडकीतून वारा येत होता. मी ते पत्र पुन्हा वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर थांबले. असं पत्र मी आधी कुठेतरी पाहिलं होतं.

गेल्या वर्षी आम्ही तात्पुरता कारकून भरला होता. एक बाई आली होती, कारंज्याकडची. अर्जात मातृभाषेच्या रकान्यात गोंडी लिहिलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात काम करत बी.ए. केलं होतं, दुसऱ्या एका मुक्त विद्यापीठातून. गुण चांगले, अक्षर माझ्यापेक्षा सुंदर. मी यादी जुळवली, जुळली नाही. तिनं एक कागद पुढे केला होता: ‘‘मॅडम, विद्यापीठानं हे पत्र देल्लं आहे.’’ मी म्हणाले, ‘‘पत्र विद्यापीठ देणारच ताई, यादीत नाही तर नाही.’’ आणि पत्राच्या वरच्या दोन ओळींवरून नुसती नजर फिरवून ते अर्जाला टाचून टाकलं.

हिंगणघाटला उतरून मी घरी गेले नाही.

ऑफिसात जाऊन नामंजूर अर्जांची फाइल काढली. पत्र तिथेच होतं, तेच शब्द. तिच्या प्रवेशाचं वर्ष काढलं, त्या वर्षाची यादी उघडली. विद्यापीठ होतं, बी.ए. होतं. कोपऱ्यात माझ्या वळणदार अक्षरात ‘अमान्य’. तिच्याआधी आणखी दोन-तीन दूरशिक्षणाचे अर्ज असावेत. ते मी त्या दिवशी उघडले नाहीत. उघडायची छाती झाली नाही.

साहेबांना त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी माझा अहवाल यायचा होता, आणि पदव्या तपासण्यात चुकणाऱ्या बाईला पदव्या तपासायच्या जागेवर कायम कोण करेल? ही नवी भीती आधीच्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण आता लपवण्यासारखं खरंच काहीतरी होतं. अहवाल आला, स्वच्छ. आठवड्यानं ऑर्डरवर सही झाली. पेढे वाटले. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, ‘‘यादी कशी बघायची हे यांच्याकडून शिका.’’ मी पेढा हातात धरून उभी राहिले.

मग सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. ‘‘ती जागा केव्हाच भरली. आता जुनं उकरून काय मिळणार? पुढे प्रवेशाचं वर्ष बघा म्हणजे झालं.’’ त्यांच्यासाठी खरंच झालं होतं.

अर्जावरचा नंबर तीन दिवस माझ्यासमोर होता. चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत लावला. तिनं आवाज लगेच ओळखला. मी एका दमात बोलून टाकलं: ‘‘ताई, तुमची डिग्री चालते. मी चुकीचं वर्ष पाहिलं होतं.’’

मागून झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.

‘‘मॅडम, मी तं आता फारमात बारावीच भरते,’’ ती म्हणाली. ‘‘तुमीच सांगतलं ना, चालत नाई म्हणून. अंगणवाडीच्या मुख्य सेविकेची जागा निंगाली होती, त्याले पदवी लागे. म्या भरलंच नाई. म्हटलं, खोटं निंगालं तं केस होईन.’’

अर्जाच्या शेवटची तीच ओळ. मीच तिला वाचून दाखवली होती.

‘‘आता भरा,’’ मी म्हणाले. ‘‘बिनधास्त भरा.’’

‘‘लिहून द्यान काय, मॅडम? आमच्या घरचे आयकत नाईत आता. म्हणतात, गिरणीतल्या मॅडमनंच नाई म्हटलं होतं.’’

मी हो म्हणाले. लेटरहेड काढलं, पुन्हा आत ठेवलं. गिरणीच्या कागदावर माझी चूक, माझ्या सहीनं, नव्या हुद्द्यासकट. उद्या तो कागद फिरत फिरत हेड ऑफिसला गेला तर? साध्या कोऱ्या कागदावर लिहिलं, चांगल्या अक्षरात, की आपली पदवी मान्यताप्राप्त असून माझ्याकडून तपासणीत चूक झाली. सही केली. फोटो काढून तिला पाठवला.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘मॅडम, ह्याच्यावर शिक्का नाई.’

शिक्का माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असतो. त्या खणाची चावी ऑर्डरसोबत मलाच मिळाली होती.