पाव सेकंद

जालन्यात माझं फोटोचं दुकान होतं तेव्हाची ही गोष्ट. हैदराबाद राज्य नुकतंच भारतात आलं होतं, दुकानांच्या पाट्या उर्दूतून मराठीत यायला लागल्या होत्या, आणि मला वाटायचं की या अख्ख्या गावात फोटो काढावा तर मीच. कुणी काही सुचवलं की माझं डोकं फिरायचं. "तुम्ही बसा गुमान, बाकीचं मी बघतो," हे माझं ठरलेलं वाक्य. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एका मारवाडी शेठजींकडून बोलावणं आलं. थोरल्या नातीचं लग्न झालं होतं, ती तिसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर कलकत्त्याला निघणार होती, त्याआधी घरच्या सगळ्यांचा एक फोटो हवा होता. मी लाकडी कॅमेरा, तो ठेवायचं तिकाटणं आणि ज्यांच्यावर फोटो उमटतो त्या दोन काचेच्या प्लेटा घेऊन गेलो. प्लेटा हैदराबादहून यायच्या, त्या मी जिवापाड जपायचो.

चौकात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. मी तिकाटणं उभं करत होतो तेवढ्यात ती नात माझ्याजवळ आली. माहेरची मुलगी, त्यामुळे तिच्या डोक्यावर नुसता पदर, तोंड उघडं.

"भाऊ, माझ्या आईचा चेहरा बराबर येऊ द्या. तिचा एकबी फोटो न्हाई. मला तिकडं घेऊन जायचाय."

"येईल की."

"तिचा एकटीचा काढता का? दोन मिनिटांचं काम."

"सगळ्यांच्यात येते ना ती? मंग झालं. फोटो कसा काढायचा ते मला शिकवू नका, बाई."

लग्न होऊन जाणारी मुलगी, घरात आजोबा बसलेले, ती किती भांडणार.

शेठजींनी माणसं आपल्या हिशेबानं बसवली. पुढं ते स्वतः आणि त्यांचे भाऊ, मधे मुलगे, आणि सगळ्यात मागं सुना, त्यांत मधोमध त्या मुलीची आई. तीन ओळी. मी म्हटलं, दोन ओळी केल्या तर बरं पडेल. ते म्हणाले, "बायका मागंच राहतील." मी मान डोलावली. बाकी कुणावर तोंड टाकणारा मी, शेठजींपुढं बिलकुल गरीब गाय.

आता तीन ओळी म्हणजे काय भानगड, ते सांगतो. कॅमेऱ्याच्या भिंगात एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. मोठं ठेवलं तर जिथं नेम धरला तेवढीच ओळ साफ येते, पुढचे-मागचे पुसट होतात. बारीक केलं तर तिन्ही ओळी साफ. पण बारीक भोकातून उजेड कमी येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात कुणी हललं की त्याचं तोंड पुसलं जातं. चौक सावलीत होता. शेठजींना डोळ्यावर ऊन नको होतं. मी काळ्या फडक्याखाली शिरून मधल्या ओळीवर नेम धरला, भोक अगदी बारीक, एफ बावीसवर आणलं आणि शटर लावलं पाव सेकंदाला. शेठजींच्या पगडीची घडी न् घडी दिसली पाहिजे, हेच माझ्या डोक्यात होतं.

राहिला प्रश्न घुंघटाचा. सासरे आणि परपुरुष समोर असताना सून तोंड कसं उघडणार? शेठजींची पाठ तिच्याकडं होती, ते वळून बघणार नव्हते. राहिलो मी. असं ठरलं, की मी प्लेट चढवून भिंतीकडं तोंड करून उभा राहीन, शटरची तार हातात धरीन आणि मोठ्यानं तीनपर्यंत मोजीन. दोनला सुनांनी घुंघट वर घ्यायचा, तीनला मी तार दाबायची, मग पुन्हा घुंघट खाली. आमच्याकडं असे फोटो असेच निघत. प्लेट चढवल्यावर फोटोवाल्याला कॅमेऱ्यातून तसंही काही दिसत नाही.

मी भिंतीकडं तोंड केलं. एक, दोन, तीन. तार दाबली. झालं.

एक प्लेट उरली होती. ती पोरगी माझ्याकडं बघत होती, हे मला चांगलं दिसत होतं. शेठजी म्हणाले, आता माझा एकट्याचा काढा. काढला.

त्याच संध्याकाळी प्लेट धुतली आणि एक कच्चा फोटो छापून बघितला. तिन्ही ओळी काय सुरेख आल्या होत्या! पगडीच्या घड्या मोजून घ्याव्यात अशा. बाकीच्या सुनासुद्धा ठीक होत्या. फक्त त्या मुलीच्या आईच्या तोंडाच्या जागी कणीक मळल्यासारखा पांढुरका डाग. बिचारीनं घुंघट वर घेतला खरा, पण त्या चौकात उघड्या तोंडानं उभं राहायची तिला जन्मात सवय नव्हती. लाजून तिनं मान खाली घातली असणार, नेमकी त्या पाव सेकंदात. तिला काय बोल लावायचा? ती हलणार, हे मला कळायला हवं होतं.

दुसरा अख्खा दिवस हातात होता. मी जाऊन म्हणू शकलो असतो, शेठजी, चुकलं माझं, परत काढू. पण नाव जाईल ना! मी पक्का फोटो छापला आणि बारीक कुंचला घेऊन त्या बोराएवढ्या डागावर डोळे, नाक, ओठ काढले. ती बाई मी कधी बघितलीच नव्हती, म्हणून बायकोला खिडकीत बसवलं आणि तिचं बघून काढले. शेठजी खूश झाले. मुलगी गाडीला निघायच्या घाईत होती. कागदात गुंडाळलेला फोटो तिनं तसाच ट्रंकेत ठेवला.

चार वर्षांनी ती दुकानात आली. कडेवर मूल होतं. आई वारली होती, म्हणून आली होती, पण पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिनं तो फोटो टेबलावर ठेवला.

"भाऊ, ही कोण बाई आहे?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि जमलं नाही. सगळं सांगितलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ह्याच्या आधीचं दाखवा." मी पेटीतून जुनी प्लेट काढली, कुंचला न लावता एक फोटो छापला. ओला फोटो हातात धरून तिनं त्या डागाकडं बोट केलं.

"हिला आता साफ करता येतं का?"

"न्हाई. जे प्लेटवर आलंच न्हाई, ते मागून आणता येत न्हाई."

"तेव्हा आलं असतं?"

आलं असतं. तिला एकटीला उभं करायचं, डोळ्यांवर नेम धरायचा, भोक मोठं करायचं, एफ साडेपाच, आणि शटर लावायचं सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला. मान हलली असती तरी चेहरा साफ आला असता. मागची भिंत पुसट झाली असती तर कुणाचं काय बिघडत होतं? मी हे सगळं तिला समजावून सांगितलं, का कोण जाणे. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हणजे दोन मिनिटांचंच काम होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. तिनं डागाचा फोटो वाळेपर्यंत वाट बघितली, पदराखाली धरला आणि गेली.