इसाराचा कोट

मुलींना वाचन शिकवताना माझा एक आग्रह असे. ज्या ओळीचा अर्थ लागला नाही, तिच्यावर बोट ठेवून थांबावे. पुढे जाऊ नये. वाशीमच्या तहसील कचेरीत त्या दिवशी हा आग्रह माझ्या वर्गाबाहेरच्या एका बाईने धरला, आणि भर कचेरीत धरला.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या थोड्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा गोरा साहेब रजेवर विलायतेस निघाला होता. त्याच्या दोन लहान मुलांना सांभाळणारी आया किन्हीराजा गावची विधवा होती. तिचा नवरा तिथल्या एका शेतमालकाकडे सालदार म्हणून, वर्षाच्या बोलीवर, राबत असे. तो गेल्यावर ती बंगल्यावर कामाला लागली. तिची एकुलती मुलगी माझ्या शाळेत होती. मडमेने आयेला बरोबर न्यायचे ठरवले, तेव्हा ती मुलीला बहिणीकडे ठेवून जायला तयार झाली. तिला एकच गोष्ट हवी होती: परत येणे. आणि ते परत येणे मालकाच्या मर्जीवर नको होते.

साहेबाबरोबर जाणाऱ्या चाकराला पासपोर्ट हवा असेल, तर त्याला स्वखर्चाने परत पाठवण्याची हमी मालकाने लिहून द्यावी, असा दंडक होता. तो कशामुळे झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. आयेची खरी गरज जहाजावर असे. मुले आजारी पडत, मडम स्वतः अंथरुणाला खिळे, आणि सगळा प्रवास आयेच्या खांद्यावर पार पडे. बंदर आले की काम संपे. हिंदुस्थानात येणारे दुसरे एखादे कुटुंब मिळाले, तर तिला त्याच्याकडे सोपवत. न मिळाले, तर परक्या शहरात ती आणि तिचे बोचके, एवढेच उरे.

अर्ज आधी तहसिलीत, तिथून अकोल्याला आणि शेवटी नागपूरला जायचा होता. करारनामा कारखान्याच्या बाबूने इंग्रजीत टंकून आणला होता. आयेने मला बोलावून घेतले. "बाई, त्यायचं वाचनारा त्यायचा हाये. मले मायावाला वाचनारा पाह्यजे."

तहसीलदारांच्या टेबलाच्या एका बाजूला मडम खुर्चीवर बसली होती. बाबू शाईची गादी उघडून उभाच होता. आया आत आली ती काखेत एक तपकिरी लोकरी कोट घेऊन. मडमेने तो तिला आठवड्यापूर्वी दिला होता. चैत्र लागलेला, त्या उन्हात कोटाकडे नुसते पाहिले तरी घाम फुटावा.

मी करार वाचू लागले. एकेक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत. पगार. मुलांचे काम. पगाराचा एक भाग कारखान्यातून दरमहा बहिणीला मिळेल. इथवर ती मान डोलवत होती. पुढचे वाक्य असे होते: हिंदुस्थानात येणारे योग्य कुटुंब मिळाल्यास, मालकाच्या सोयीने, चाकराच्या परतीची व्यवस्था करण्यात येईल.

"थांबा बाई," ती म्हणाली. "अन् नाही भेटलं कुटुंब तं?"

मी पुन्हा वाचले. पुढे काहीच नव्हते. तसे मी सांगितले.

बाबू हसला. "भेटते वो! विलायतेत काय दुष्काळ हाये का मान्साचा? लाव अंगठा."

"मानूस भेटन. मले घेऊन येनारा भेटन काय, थे सांग."

"आता काहून उकरून राह्यली तू? कोट घेतला ना? इसार झाला. साल ठरलं!"

बाबूच्या या बोलण्याने दारातल्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी हे उलगडून सांगते. आमच्याकडे सालदाराचे वर्ष पाडव्याला ठरते. धान्य किती, जोडा कोणता, घोंगडे कधी, हे मालक ओट्यावर, आमच्या बोलीत वट्ट्यावर, बसून चार माणसांसमोर आपल्या तोंडाने सांगतो, आणि मग इसार, म्हणजे बोली पक्की करणारी आगाऊ रक्कम किंवा वस्तू, देतो. इसार हातात घेतला की सालदार बांधला गेला; मग त्याने पाय मागे घेतला तर गावात त्याला दुसरे दार उघडत नाही. कोट आयेने घेतला होता, ही गोष्ट खरी होती. गावाच्या हिशेबाने बाबूची बाजू भक्कम होती, आणि हे आयेपेक्षा चांगले कोणाला ठाऊक असणार?

तिने काखेतला कोट काढला. बाह्या आत दुमडून त्याची नीट घडी केली आणि ती घडी टेबलावर, शाईच्या गादीवरच ठेवली. बाबूने गादी ओढून घेईपर्यंत अस्तराला जांभळा डाग पडला होता.

"हा घ्या तुमचा इसार," ती म्हणाली. "मालकानं आपल्या तोंडानं सांगतल्याबिगर इसार नसते. माया नवऱ्याचं साल मालक वट्ट्यावर बसून सांगे. मले कोनं सांगतलं? कागदानं?"

मडमेला कोट तेवढा कळला. ती गोरीमोरी झाली. "आया, ये कोट ठंडी के वास्ते दिया! तुम हमारा भरोसा नहीं करता?"

"करते ना, मेमसाब. बच्चे लोग मेरे पास सोते, तुम भरोसा करते. मैं भी करती. भरोसा है, तो लिखने को क्यों डरना?"

"हम अकोला से दूसरा आया लाएगा."

"लाओ. उसको भी येच पूछना सिखाके भेजती मैं."

दारात कोणीतरी फिसकन हसले. मी मात्र तिच्या हाताकडे पाहत होते. पदराच्या टोकाला घट्ट पीळ बसला होता. बंगल्यावरचे काम गेले असते, तर मुलीची शाळाही गेली असती.

मी मडमेला इंग्रजीत इसाराची चाल समजावून सांगितली: तिने दिलेली भेट इथे बेडी म्हणून वापरली जात आहे. मडमेने बाबूकडे असे पाहिले, की त्याने शाईची गादी मिटली.

तहसीलदारांनी करार स्वतःकडे ओढून घेतला. "मॅडम, दुसरी आया आणलीत तरी कागद हाच असेल, आणि या वाक्यावर मी शिफारस लिहिणार नाही. सरकारला हमी हवी आहे. यात 'मिळाल्यास' आहे."

मडमेने लेखणी मागितली. ते वाक्य खोडून तिने स्वतःच्या हाताने लिहिले: कुटुंब मिळो वा न मिळो, परतीचा सर्व खर्च मालक करील; जहाज मिळेपर्यंत निवारा, जेवण आणि पगार चालू राहील.

"बाई, तिच्या तोंडानं," आया मला म्हणाली.

मडमेला ते मोडक्या हिंदुस्थानीत म्हणावे लागले. एक शब्द अडला, तो तहसीलदारांनी पुरवला. आया प्रत्येक तुकड्याला "हो" म्हणत गेली. शेवटी तिने आणखी एक घातले: "पासपोर्ट मेरे पास रहेगा." तेही लिहिले गेले. मग अंगठा उमटला.

ती निघाली तेव्हा कोट टेबलावरच होता. दारातून ती परतली आणि तिने तो उचलला. "आता घेतो," ती बाबूला म्हणाली. "आता इसार झाला. अन् थंडी तं लागनच."

पुढल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मी तिच्या मुलीला घेऊन वाशीम स्टेशनावर उभी होते. कारखान्याची डाक घ्यायला बाबूही आला होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ती एकटी उतरली. बरोबर कोणतेही कुटुंब नव्हते; साहेबाची रजा अजून संपायची होती, पण करारातल्या हमीप्रमाणे तिचे तिकीट मालकानेच काढले होते. भर दुपारी अंगात तोच कोट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. मुलगी तिला बिलगली. मुलीच्या डोक्यावरून तिने बाबूकडे पाहिले आणि सावकाश, वरच्या गुंडीपासून, कोट उतरवला.

"साल सरलं," ती म्हणाली. "दुसऱ्या सालाचं बोलाचं असन तं मडमीले वट्ट्यावर आन."