शून्याच्या आधीचा श्वास

बेंबळी गावात गंगम्माची कडक भाकरी न खाल्लेला माणूस सापडायचा नाही. नवरा लवकर गेला, पदरात एक पोर. बाईनं चूल पेटवली ती पेटवलीच. भाकऱ्या उन्हात वाळवायच्या, फडक्यात बांधायच्या आणि एसटीनं धाराशिवला नेऊन दुकानात घालायच्या. बोलणं तोडून, त्यात मधेमधे कानडी. उधार मागणाऱ्याकडं ती नुसती बघायची, मग तो आपोआप रोख काढायचा. मलाही तिनं असं बघितलंय, त्यामुळं खात्रीनं सांगतो.

पोरीला, शिवप्रियाला, तिनं शिकवलं. पोर आमच्या दूध संस्थेत ऑपरेटर म्हणून लागली. मी तिथला सचिव, बिभीषण. दूध घातलं की प्रत्येक सभासदाला फोनवरून लिटर आणि फॅट कळवायची कल्पना शिवप्रियाचीच. एका कंपनीची सेवा घेतली. फोन संगणक लावतो, पण आवाज आपला द्यायचा. तिनं ऑफिसचं दार लावून घेऊन एकेक आकडा आपल्या आवाजात भरला. "नमस्कार. आपलं आजचं दूध..." मग आकडा, मग फॅट. शेवटी, "पुन्हा ऐकायचं असेल तर एक दाबा." म्हाताऱ्या माणसांना बटण सापडायला वेळ लागतो म्हणून तिनं फोन लवकर तुटू नये अशी सोय केली. कोणी काहीच दाबलं नाही, तर थोडं थांबून ती पुन्हा विचारायची, कितीही वेळा.

यादीत पहिली ओळ तिच्या स्वतःच्या नंबरची. दूध शून्य. रोज सकाळी आधी तो फोन जायचा, नीट वाजतोय का बघायला, आणि मग गावाला.

पावसाळ्याच्या अखेरीस तिला डेंग्यू झाला आणि चार दिवसांत पोर गेली. आमच्याकडं पुरतात, तसं पुरलं.

दुसऱ्या दिवशी पण गावात तिचाच आवाज फिरला. कोण काय बोलणार? दूध घालून परतलेली माणसं फोन कानाला लावून गप्प व्हायची. तिच्या जागी आलेल्या वर्षाराणीनं पहिली ओळ तशीच ठेवली. पहिली ओळ म्हणजे बोहनी, ती खोडायची नसते, असं आम्ही सगळेच मानतो. शिकलेले तर जास्तच.

मग उन्हाळ्यात एका सकाळी फोन मधेच बंद पडले. निम्म्या गावाला आकडा कळलाच नाही, आणि माणसं संस्थेच्या दारात येऊन भांडू लागली. आमचं खातं आधी पैसे भरायचं होतं, आणि भरलेली शिल्लक संपली होती. दूध तर निम्म्यावर आलेलं, सभासद कमी, फोन कमी. मग पैसे गेले कुठं? अध्यक्ष शांतलिंगअप्पा म्हणाले, कंपनी चोर आहे.

मी कंपनीला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. महिन्याचं ठरलेलं भाडं असं काही नाही, जेवढं वापराल तेवढं मोजलं जातं. उचलला नाही त्या फोनला पैसे नाहीत. उचलला की दर अर्ध्या मिनिटाचा एक पल्स. एकतीस सेकंद झाले की दुसरा पल्स पूर्ण धरायचा. समोरचा बोलतोय का गप्प आहे, ते मीटर बघत नाही, फोन चालू आहे एवढंच बघतं. कोणत्या नंबरला किती पल्स गेले ते तुमच्याच खात्यात दिसेल, म्हणाल्या.

मी आणि वर्षाराणीनं ते उघडलं. गावाचा प्रत्येक फोन एका पल्सचा, क्वचित दोन. पहिल्या ओळीचा मात्र रोज उचललेला, आणि पल्स थांबतच नव्हते. कधी तासभर, कधी त्याहून जास्त. बाकी सगळ्या गावाचा मिळून जेवढा वापर, त्याहून त्या एका नंबरचा मोठा.

वर्षाराणी खुर्ची मागं सरकवून उठली. अप्पा मागं उभं राहून बघत होते. ते हळूच म्हणाले, "मोबाईल तर तिच्यासंगं पुरला म्हणत्यात."

मी भुताखेतांना भीत नाही असं सांगत फिरतो. त्या दिवशी मात्र ऑफिसात एकटा थांबलो नाही, खोटं कशाला बोलू.

गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. मेलेली पोर फोन उचलते. आधी गप्प ऐकणारे आता घाबरले. तिच्या तोंडून दुधाचं माप ऐकायचं नाही, आवाज बदला, असा धोशा सुरू झाला. अप्पांनीही ठरवलं, कंपनीचा यंत्राचा आवाज घ्यायचा आणि जुना पुसून टाकायचा. मी म्हटलं, एक सकाळ थांबा.

खात्यात थोडे पैसे भरले, आणि दुसऱ्या दिवशी वर्षाराणीनं पहिला फोन सोडायच्या वेळी मी गंगम्माच्या दारात उभा राहिलो. आत मोबाईल वाजला. पोरीचाच. तो पुरला नव्हता, परातीशेजारी उभा करून ठेवला होता. गंगम्मानं पिठाच्या बोटानं उचलला, आणि घरात शिवप्रिया बोलली.

"नमस्कार. आपलं आजचं दूध, शून्य लिटर. पुन्हा ऐकायचं असेल तर एक दाबा."

"व्हय गं," गंगम्मा म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली. शेजारणीच्या सुनेचं सांगितलं, ज्वारी महाग झाल्याचं सांगितलं. फोन गप्प होता. ती मान हलवत होती, कुणीतरी उत्तर देत असल्यासारखी. मग आवाज आला, "पुन्हा ऐकायचं असेल तर..." "ऐकतेय न्हवं," ती म्हणाली आणि एक दाबलं. बोलणं जुळत होतं. दोघींचं.

मी आत गेलो. पल्स, शिल्लक, बंद पडलेले फोन, सगळं सांगितलं. गप्प फोनचेही पैसे लागतात हे ऐकून ती चकित झाली. पैसे द्यायला लगेच कनवटीला हात घातला. मी म्हटलं, पैशाचं नाही मावशी, गाव भितंय, आवाज पुसायचा ठरलाय. तुम्हाला तो मोबाईलमध्ये भरून देतो, कधीही लावा, फुकट.

"भरलेल्यात म्या तिला बोलवायचं," ती म्हणाली. "हितं ती आपणहून येती." मग माझा हात धरून तिनं पुन्हा एक दाबलं. "शून्याच्या आधी ऐक. श्वास घेती का न्हाय? मेलेलं माणूस श्वास घेतं व्हय, बिभीषणा?"

ऐकलं. खरंच होता, बारीकसा. मला रडू आलं.

ऑफिसात येऊन मी अप्पांचं ऐकलं. सगळे आकडे यंत्राच्या बाईचे केले. तीनदा ऐकलं की फोन तुटेल असं बसवलं. फक्त 'शून्य लिटर'मधलं एक 'शून्य' शिवप्रियाचं ठेवलं, श्वासासकट. दूध न घालणाऱ्याला आम्ही फोन लावत नाही. त्यामुळं ते शून्य गावात कुणालाच जात नाही, पहिली ओळ सोडली तर. अप्पांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

पुढच्या महिन्यात वापर खाली आला आणि अप्पा खूश झाले. पण मी पहिली ओळ बघितली तर रोज एकच पल्स. तीनदा ऐकायची मुभा असून गंगम्मा एकदाही एक दाबत नव्हती. आजारी पडली की काय म्हणून घरी गेलो. ती भाकऱ्या बांधत होती, ठणठणीत.

"बोलत न्हाय का आता पोरीशी?" मी विचारलं.

"आधी ती दुसरी बाई बोलती, मग माझी पोर, मग परत ती बाई," गंगम्मा गाठ मारत म्हणाली. "परक्या बाईम्होरं घरातलं काय बोलावं? म्या आपली श्वास ऐकते अन् ठेवते."