कडू नाही, एवढंच कळायचं

एका मोठ्या तापातून उठल्यावर माझं नाक गेलं. नाक जागेवर होतं, वास गेला होता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी कधी वेळ लागतो. गोड, खारट, आंबट, कडू हे जिभेला कळत होतं, पण भाजीला फोडणी बसली की करपली, हे मला डोळ्यांनी बघूनच ठरवावं लागायचं. मी घरात कुणाला सांगितलं नाही. यजमानांना तेवढं माहीत होतं, आणि ते विसरूनही गेले होते. बाईमाणसाला स्वयंपाकघरात वास येत नाही, हे सांगायची मला लाज वाटली. का वाटली, ते आजही नीट सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या जावेनं कॅफेचं काढलं. बुऱ्हाणपूरला आमच्या घराच्या दर्शनी भागात कपड्याचं दुकान होतं, ते बंद पडून कुलूप लागलं होतं. ती म्हणाली, "ताई, किल्ला बघायला येणारे लोक दुपारी बसायला जागा शोधतात. कॉलेजची पोरं आहेत, कोर्टातले वकील आहेत. सँडविच, पोहे मी बघते. चहाचा मेनू तुमचा."

माझ्या हातच्या चहाची घराण्यात वाखाणणी होती. दुधाचा, आल्याचा, उकळून उकळून केलेला. तो मी आजही डोळे मिटून करते, कारण रंग आणि उकळीचा आवाज पुरतो, आणि थोडा कडूपणा आलाच तर दूध-साखर झाकून टाकते. पण जावेला नुसता तोच नको होता. तिला पानांचा चहा हवा होता, बिनदुधाचा, काचेच्या किटलीतून देण्याचा.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बघू या."

पानं मागवली. दुधाच्या चहाला नेहमीची दाणेदार आसाम, बिनदुधाला चार प्रकार: आसामचं अख्खं पान, दार्जिलिंगची वसंतातली पहिली तोड, ग्रीन टी आणि ऊलाँग. ऊलाँगच्या घट्ट वळलेल्या गोळ्या पाण्यात पडल्या की उमलून अख्खी पानं व्हायच्या, ते बघायला जावेला फार आवडायचं. बोअरचं पाणी आमच्याकडे जड. त्यात चहाचा रंग मळकट येऊन वर साय धरल्यासारखा पापुद्रा दिसायचा, म्हणून फिल्टरचं पाणी घेतलं. स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला. पान मोजायला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला.

पहिल्या दिवशी ग्रीन टीवर खळखळतं पाणी ओतलं आणि बोलत बसलो. घोट घेतला तर कडूजहर. जीभ आखडली, गालाच्या आतली कातडी सुकून गेल्यासारखी झाली. जावेनं बेसिनमध्ये थुंकलं आणि हसत सुटली. मीही हसले, पण आतून मला केवढा धीर आला! कडू मला कळत होतं. म्हणजे हे काम मला जमणार होतं.

मग मी कडूच्या मागे लागले. ग्रीन टीसाठी पाणी उकळून खाली उतरवायचं, ऐंशीच्या आत येऊ द्यायचं, पान दोन मिनिटं. दार्जिलिंगला नव्वदच्या खाली. आसामला मात्र उकळतंच पाणी, चारेक मिनिटं, ते पान तेवढं सोसतं. वेळ झाली की पान पाण्यातून बाहेर काढायचं, किटलीत ठेवून गिऱ्हाईकापुढे न्यायचं नाही, नाहीतर शेवटचा कप कडू होतो. गाळणीत चमच्याने दाबून पिळायचं नाही. हे सगळं बरोबरच होतं. चूक पुढे झाली. जराही तुरट लागलं की मी पाणी आणखी निववायची, वेळ आणखी कमी करायची. दार्जिलिंग मी पंचाहत्तरवर, जेमतेम दीड मिनिटावर आणून ठेवला. कडू नाही, म्हणजे चांगला. दुसरं माप माझ्याकडे नव्हतं.

जाऊ एकदा म्हणाली, "ताई, हे एकदम गरम पाणी लागतंय."

"आपल्याला उकळलेल्या चहाची सवय आहे ना," मी म्हणाले. "हा चहा नाजूक असतो."

मी वयानं मोठी, शाळेत गृहविज्ञान शिकवलेली. तिनं मानलं.

कॅफे चालला. लोक दुधाचाच चहा जास्त मागायचे. बिनदुधाचे कप कधी कधी अर्धे परत यायचे, तेव्हा मी म्हणायची, लोकांना सवय नाही.

आमच्या ओळखीतले एक जण टुरिस्टांसाठी हॉटेल चालवतात. बाहेरचे पाहुणे बिनदुधाचा चहा मागतात आणि त्यांच्या स्वयंपाक्याला फक्त उकळता येतो, असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी ते बायकोला घेऊन चहा चाखायला येणार होते. आवडला तर रोज संध्याकाळी त्यांच्याकडचे पाहुणे आमच्याकडे पाठवायचे, असं बोलणं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मला वाटलं, पानं पाकिटात बरी दिसत नाहीत. माडीवर रबरी कडं असलेल्या झाकणाच्या जुन्या काचेच्या बरण्या होत्या. त्या मी घासल्या, उन्हात वाळवल्या, पानं भरली आणि फळीवर ओळीनं मांडल्या. फार सुंदर दिसत होत्या.

दोघं आली. मी त्यांच्यासमोर पाणी तापवलं, थर्मामीटर बुडवला, पाणी एवढं का निववायचं ते समजावलं. शाळेत वर्गापुढे उभी राहायची तशी उभी होते. "जास्त गरम पाण्यात पानातला कडूपणा आधी सुटतो," वगैरे. ते मान हलवत होते. मग दार्जिलिंग त्यांच्या कपात ओतला.

बाईंनी कप नाकाजवळ नेला आणि थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, "भाभी, इसमें कोई मसाला है क्या?"

"नहीं जी, कुछ भी नहीं," मी म्हणाले. "दार्जिलिंग की खुशबू ही ऐसी होती है. पहली बार में थोड़ी अलग लगती है."

त्यांनी पुन्हा हुंगलं. "ऐसी?"

"जी. यही तो उसकी पहचान है."

हॉटेलवाले कपात बघत होते. मी तेवढ्यावर थांबले नाही. फळीवरची बरणी काढली, झाकण उघडलं, स्वतः नाक घालून लांब श्वास घेतला, अहाहा केलं आणि बरणी बाईंच्या पुढे धरली. त्यांनी डोकं मागे घेतलं. त्यांचा हात साडीच्या पदराकडे गेला आणि त्यांनी तो शिष्टाचारानं परत मांडीवर ठेवला. ते मला दिसलं, आणि काहीतरी भयंकर झालंय एवढं कळलं. काय, ते कळेना.

जाऊ पोह्यांच्या बश्या घेऊन आतून आली. टेबलाजवळ येताच थबकली. माझ्या हातातल्या बरणीकडे पाहिलं, वाकून वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"हींग," ती म्हणाली. "माफ कीजिए. ये डिब्बा हींग का था. मैंने ही भर दिया, ध्यान नहीं रहा."

सासूबाईंच्या वेळी त्या बरणीत वर्षाचा खडा हिंग असायचा. काच धुतली की स्वच्छ होते, रबराच्या कड्यात मात्र वास मुरतो, आणि चहाचं पान शेजारचा वास ओढून घेतं. हिंगाची बरणी कुठली ते मी विसरले होते, पण बाकीचं सगळं मला माहीत होतं, वर्गात मीच शिकवलेलं. बरणी उघडल्यावर कुणाही माणसाला कळलं असतं.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, छान आहेत म्हणाले. बाई तर जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "होता है भाभी." त्यांना सगळं उमगलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझी नजर वर होत नव्हती. कान तापले होते, मानेवरून घाम चालला होता. मी हिंगाला दार्जिलिंगची ओळख म्हणाले होते, आणि वर अहाहा केलं होतं.

ती माणसं गेल्यावर जाऊ बरणी घेऊन माझ्यासमोर बसली.

"ताई, तुम्हाला वास आला नाही?"

मी सांगितलं. तापापासूनचं सगळं.

मला वाटलं ती जवळ घेईल. ती चिडली. "मी सहा महिने गरम पाणी विकतेय, आणि समजतेय की माझ्याच जिभेत खोट आहे! मला का नाही सांगितलं? मी हसले असते का?"

"लाज वाटली."

"आज मला लाज आली त्याचं काय? मी परक्यांपुढे खोटं बोलले." तिचे डोळे भरले. मग उठून ती सगळ्या बरण्या मोरीत नेऊन ठेवू लागली, एकेक आपटत.

हॉटेलवाल्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलं. बरणी मी भरली होती आणि मला वास येत नाही, असं. ते म्हणाले, काही हरकत नाही. पाहुणे मात्र त्यांनी कधी पाठवले नाहीत. गावात हिंगवाल्या चहाची गोष्ट फिरली. भाजीबाजारात एका ओळखीच्या बाईनं हसत विचारलं, "काय हो, पोट दुखत असेल तर तुमच्याकडेच यायचं ना?" मी पण हसले आणि मेथी न घेताच परत आले.

नवी पानं आली तेव्हा जावेनं ती पत्र्याच्या नव्या डब्यांत स्वतः भरली आणि ते डबे मसाल्यांपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवले. मग मला हाक मारली. "या, बसा. तुम्ही कडू सांगा, मी वास सांगते."

तसं आम्ही सगळं पुन्हा केलं. आधी दार्जिलिंग घेतला. दीड मिनिटाला तिनं मान हलवली, काही नाही. पाणी नव्वदच्या जवळ नेलं, पान तीन मिनिटं ठेवलं, तेव्हा ती कपावर वाकली आणि तिचा चेहरा बदलला. "ताई, फुलं!" ती म्हणाली आणि लगेच माझ्याकडे बघून ओशाळली. मी घोट घेतला. किंचित तुरट होतं, कडू नव्हतं. आणखी मिनिटभर ठेवून पाहिलं तर माझी जीभ आखडली. म्हणजे तीनवर थांबायचं. ग्रीन टीही असाच लावला, ऊलाँगही. तिला जिथे सुगंध आला आणि मला जिथे कडू लागलं, त्याच्या मधली जागा आम्ही धरली. माझे जुने आकडे तिनं मेनूमागच्या कागदावर खोडले. मी बघत बसले. प्रत्येक रेघेला मला त्या अर्ध्या परत आलेल्या कपांची आठवण होत होती.

आता बिनदुधाचे कप बहुतेक रिकामे परत येतात. वास मला अजून आलेला नाही. कधी साबणासारखं काहीतरी चाटून जातं, पण ते खरं की भास, कळत नाही.

मागच्या आठवड्यात नेपानगरच्या एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी मेनू उलटसुलट करून मला विचारलं, "दार्जिलिंग आणि ऊलाँग, या दोघांत सुगंध कुणाचा जास्त?"

पाठ केलेलं उत्तर ओठांवर होतं. जाऊ गल्ल्याजवळ उभी राहून माझ्याकडेच बघत होती.

"मला वास येत नाही हो," मी म्हणाले. "त्यांना विचारा."

कान पुन्हा तापले. शिक्षिका "बरं" म्हणाल्या आणि जावेकडे वळल्या. मी पाणी ठेवायला आत गेले.