व्हर्नियर आणि वही

आमच्या ह्यांना मोजल्याशिवाय काही पटायचं नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. तिथे दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या मुलीला मोजायचे. जाडी-रुंदी मिलिमीटरात मोजायचा एक जुना व्हर्नियर खास त्यासाठी घरी आणून ठेवला होता.

मुलीच्या अंगावर गाठी होत्या. मांसाच्या नाहीत, हाडाच्या. गुडघ्यापाशी, मनगटापाशी, खांद्यापाशी हाडालाच फुटलेले टणक उंचवटे. ह्यांनाही होत्या, सासूबाईंनाही. लग्न ठरताना आम्हाला सांगितलं होतं, “मुलाच्या अंगावर दोन-चार गाठी आहेत, निरुपद्रवी.” पुढच्या पिढीलाही होऊ शकतात, हे कुणी बोललं नाही. मुलगी तीन वर्षांची असताना तिच्या नडगीला पहिली गाठ लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे असतंच ते.” जणू घारे डोळे असावेत!

घराण्याचा नियम एकच होता. वाढीच्या वयात गाठींना हात लावायचा नाही. लहानपणी काढलेली गाठ पुन्हा येते, हाड बिघडतं ते वेगळंच. वाढ संपली की गाठी आपोआप थांबतात. सासूबाईंच्या थांबल्या, ह्यांच्याही थांबल्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ह्यांच्या उजव्या खवाट्यावरची गाठ मी स्वतः मोजली होती, कारण स्वतःची पाठ माणसाला मोजता येत नाही. अठ्ठेचाळीस मिलिमीटर. त्यांनी तो आकडा एका वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. वाढ संपली, पान संपलं.

मुलीची पानं मात्र भरत गेली. दर दिवाळीला, अभ्यंगस्नानाच्या आधी, तेल लावून पाटावर बसलेल्या पोरीच्या एकेका गाठीला तो गार व्हर्नियर लागायचा आणि ती किंचाळायची. त्या सुमारास परदेशी कंपनीने ह्यांच्या कारखान्याची तपासणी केली होती, कुठलंसं प्रमाणपत्र मिळालं होतं, तेव्हापासून तर विचारू नका. वहीत लाल-निळे आलेख आले. मी शनिवार पेठेतल्या शाळेत गणित शिकवते, मला आलेखांचं कौतुक नाही असं नाही. पण पोरगी म्हणजे काय गिअरबॉक्स आहे?

ती नऊ वर्षांची असताना शेजारी सत्यनारायण होता. तीर्थ घ्यायला तिने उजवा हात पुढे केला, तो वाकडाच. तळवा वर होईना. कोपर पोटाशी घट्ट दाबून, आख्खा खांदा फिरवून तिने कसाबसा खळगा केला आणि तीर्थ फरशीवर सांडलं. “हात सरळ धर की गं, काही वळण आहे की नाही?” असं मी चारचौघांत म्हणाले. मीच म्हणाले. घरी येऊन ती एवढंच बोलली, “आई, हात वळतच नाही गं.” ते आठवलं की अजून स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांपुढे ह्यांनी अभिमानाने वही उघडली. मनगटाची गाठ, सहा वर्षांचे आकडे, आलेख. डॉक्टरांनी पानं शांतपणे उलटली.

“हाडांची लांबी कुठे लिहिलीय?”

“लांबी?” हे म्हणाले.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. करंगळीकडच्या हाडाची वाढ गाठीने रोखली होती, ते आखूड राहिलं होतं. अंगठ्याकडचं मात्र वाढत होतं. त्याला वाट मिळेना म्हणून ते धनुष्यासारखं वाकलं होतं आणि त्याचं वरचं टोक कोपराच्या सांध्यातून बाहेर सरकायला लागलं होतं.

“अजून निसटलेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “एकदा निसटलं की जागेवर बसवणं फार अवघड. मग हात वळण्याची आशा कमीच.”

“पण वाढ संपेपर्यंत थांबायचं ना?” हे म्हणाले.

“न दुखणाऱ्या, कशाला न अडवणाऱ्या गाठींसाठी थांबायचं. ह्या हातासाठी थांबलात तर वाढच त्याचा घात करेल.”

सहा वर्षं! सहा वर्षं गाठ मोजली आणि हात मोजला नाही. मला ह्यांचा असा संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. मी तर गणिताची बाई, दोन काठ्यांतली एकच वाढली तर काय होतं ते मला कळायला नको?

उठता उठता डॉक्टरांनी विचारलं, “वहीत तुमच्या पानावर एकच आकडा दिसला. त्यानंतर?”

“माझी वाढ कधीच संपली,” हे म्हणाले.

“म्हणून तर मोजायचं. तिच्या गाठी वाढणारच, तिचं वयच आहे. तुमची वाढली, तर ती वाढ नाही. बहुतेकांना काही होत नाही, पण कर्करोगाची पहिली खूण तीच असते. पाठ, कंबर इथल्या गाठींवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.”

“बरं बरं. आधी हिचं होऊ दे.”

हिचं झालं. मनगटाची गाठ काढली, आखूड हाड कापून त्याला बाहेरून लोखंडी चौकट बसवली. पाव मिलिमीटर एका वेळी, दिवसातून चार वेळा, नट फिरवायचा. कापल्या फटीत नवं हाड धरतं आणि हाड लांबतं. हे काम ह्यांनी एकदाही चुकवलं नाही. पोर दात-ओठ खाऊन बसायची आणि हे तिला पाढे म्हणायला लावायचे. मी मात्र रोज विचारायची, “अहो, पाठ दाखवता का?” उद्या. रविवारी. कारखान्यात ऑडिट आहे. चौकट निघू दे. लेकीच्या बाबतीत पाव मिलिमीटर सोडायचा नाही आणि स्वतःच्या बाबतीत आनंदी आनंद!

चौकट निघाली त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला मी ह्यांच्या पाठीला तेल लावत होते. दर दिवाळीला लावते. त्या गाठीवरून माझा हात दर दिवाळीला फिरलाय. हळूहळू वाढलेलं हाताला कळत नाही. मी उठून कपाटातून व्हर्नियर आणला आणि तेलकट पाठीला लावला.

“अगं, गार आहे!” हे ओरडले. मग मान वळवून विचारलं, “किती?”

“पासष्ट.”

“तीनदा घे. एका मापावर माल नाकारत नाहीत.”

मी तीनदा घेतलं. पासष्ट, पासष्ट, पासष्ट. वहीत अठ्ठेचाळीस होते. ते पाटावर तसेच बसून राहिले, तेल कानामागून ओघळत होतं. मला रडूही येत होतं आणि त्यांना बदडावंसंही वाटत होतं.

एमआरआयमध्ये गाठीवरची कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, टोपी दोन सेंटिमीटरच्या वर जाड निघाली; मोठ्या माणसात एवढी जाडी धोक्याची. तपासणीत कर्करोगच ठरला, पण हळू वाढणाऱ्यातला, कुठे न पसरलेला. भोवतीच्या भागासकट गाठ आख्खी काढली. “अजून थांबला असतात तर,” एवढंच डॉक्टर म्हणाले. पुढचं वाक्य कुणालाच ऐकायचं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला मुलगी पाटावर बसली तर हे म्हणाले, “ऊठ, आज मी बसतो. पाठ तू मोजायची, दरवर्षी. मी नको म्हटलं तरी.” आणि व्हर्नियर पुढे केला.

तिने उजवा हात पुढे केला. तळवा पुरता आडवा होत नाही, थोडा कलतोच अजून. पण कोपर पोटाशी न दाबता तिने तो घेतला, आणि व्हर्नियर खाली पडला नाही.