घडवलेले खेळाडू

सेनगावजवळच्या एका निवासी शाळेला खो-खोसाठी प्रशिक्षक हवी होती. खेळ सोडल्यापासून घरात बसून मी नुसती चिडचिडी झाले होते, त्यामुळे ही जागा मला फार हवी होती. स्वतःची माहिती लिहून माझ्या शाळेतल्या जुन्या क्रीडा शिक्षकांना दाखवली. दोन पानं, सगळी पदकंच.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे तू जिंकलं ते झालं. लेकरायले काय देशील, ते कुठंय?" मग त्यांनी एकेक ओळ बदलायला लावली. 'राष्ट्रीय स्पर्धेत उत्कृष्ट आक्रमक' याच्यापुढे मी लिहिलं: खांबावरून झेप घेणं टप्प्याटप्प्याने, दुखापत न होऊ देता शिकवू शकते. कर्णधारपदापुढे लिहिलं: बाद करायचा क्रम आखायला शिकवू शकते. खाली पंच परीक्षेचं प्रमाणपत्र आलं. रकाना एकच उरला, घडवलेले खेळाडू.

"तांड्यावरची ती पोरगी तूच तयार केली न्हवं? जिल्ह्याच्या निवडीपर्यंत आली होती. तिचं पत्र आण."

मी मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून खरं काय ते सांगितलं नाही.

ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, वाऱ्यासारखी पळायची. निवडीच्या आदल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, "ताई, खांबापाशी पाय कोणता रोवायचा?" खांबालगतचा रोवायचा असतो. मी बाहेरचा सांगितला. जिल्ह्याच्या संघात खांबावर झेपावणाऱ्या आक्रमकाची जागा एकच होती, आणि ती मला हवी होती. निवडीच्या दिवशी तिचा गुडघा फिरला. ती परत मैदानावर आली नाही.

तरी पत्र मागायला मी गेलेच, इतकी निर्लज्ज. ती अंगणात तूर निवडत होती. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठली. चहा दिला, कागद घेतला आणि लिहिलं: मला खांबावरचा खेळ ताईंनी शिकवला.

मला राहवलं नाही. "मी तुला चुकीचा पाय सांगितला होता."

"ठाऊक हाय. दवाखान्यात पडल्या पडल्या तुमचा खेळ आठवला, तवाच कळलं."

"मग हे काहून लिहिलंस?"

"शिकवलं तर तुमीच न्हवं? आता पोरींले तरी बराबर सांगा."

माफी मागायला तोंड उघडलं, पण ती पुन्हा सुपाकडे वळली होती. तेव्हा मी चहा संपवून निघाले, याची मला आजही लाज वाटते.

पत्र अर्जाला जोडलं नाही. त्या रकान्यात शून्य लिहिलं. सर रागावले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली आणि आता पोरींना बरोबर सांगायला माझ्याकडे मैदानच नाही.