मासे नसलेली टाकी

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत ही बातमी मीच पसरवली: दुसऱ्या मजल्यावरचे आशुतोष गद्रे रोज रिकाम्या टाकीत माशांचं खाद्य टाकतात! बायको गेलेली, तळोज्याची नोकरी संपलेली; माणूस बिघडला, असं आम्ही ठरवूनच टाकलं. शेवटी न राहवून मी भाजीची वाटी घेऊन वर गेले.

"गद्रे, मासे पळाले की तुम्हीच तळून खाल्ले?"

"आणलेच नाहीत अजून," ते हसले. "हे खाद्य कुजतं, त्यावर फिल्टरच्या स्पंजात माशांची घाण पचवणारे उपयोगी जिवाणू वाढतात. पाच-सहा आठवडे लागतात. मग पाणी तपासायचं आणि मासे आणायचे."

सगळी खरेदी कंपनीच्या नावापेक्षा टाकीचं माप बघून केलेली. चाळीस लिटरला पन्नास वॅटचा, आपोआप बंद होणारा हीटर, तोही फक्त थंडीपुरता. खाद्याचा डबा छोटा, कारण उघडल्यावर ते शिळं होतं.

"पण फिल्टरचा हा पंप केवढा घरघरतोय! बिनआवाजाचा नव्हता?"

"होता. दुकानदार तोच देत होता. काम दोघांचं सारखंच, म्हणून मी आवाजाचा घेतला." ते टाकीतल्या बुडबुड्यांकडे बघत राहिले. "सुनीती गेल्यापासून घरात दुसरं काही वाजतच नाही हो."

टाकीसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी एकीवर बसले.

"आजची चिमूट टाकायची राहिलीय का?"

त्यांनी डबा माझ्या हातात दिला.